मैत्रिणीचा काळ्या गेला. काय लिहून पाठवू? तुमचे अनुभव सांगा

ओट्यावरची
कालपासून चारदा लिहिलं, चारदा खोडलं.

माझी मैत्रीण यवतमाळकडं एका खेड्यात राहते. तिचा कुत्रा, काळ्या, परवा रात्री गेला. अकरा वर्षांचा होता. वावरात जागलीला कोणी असो नसो, काळ्या असायचाच. डुकरं आली की पहिला आवाज त्याचा. पऱ्हाटीत घोणस चावली. ही त्याला पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, दिराच्या गाडीवर तालुक्याला निघाली. अर्ध्या वाटेत संपलं.

गावच्या ग्रुपवर पोरांनी लगेच पणतीचा फोटो टाकून 'एक वाघ हरपला' केलं. खाली हसणारी तोंडं. आता मी साधं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं तरी तिला ते थट्टेसारखंच वाटेल.

आणि मला आठवली २०२२ ची लम्पी. आमची कपिला गेली. खोल खड्डा केला, चुना-मीठ टाकून पुरली. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, किती दूध होतं, कितीची होती? बाबा शेवटी मागच्या दारानं वावरात निघून जायला लागले. तेव्हा हिचा मेसेज आला होता: "कपिला मला ओट्यापर्यंत येऊन हुंगायची. आज तुमच्या गोठ्याकडं बघवलं नाही. उत्तर देऊ नको." बस, एवढाच. अजून ठेवलाय.

आता तिची वेळ आली आणि मला एक ओळ सुचेना. तुम्हाला कोणी काय लिहिलं होतं? काय बरं वाटलं, काय बोचलं?

बंडीवाला
आमचा राजा गेला तवा येका सोयऱ्यानं लिवलं, 'टेन्शन नको घेऊ भाऊ, शुक्रवारच्या बजारात दुसरा पाहू.' मानूस वाईट नाई, मदतच करत होता. पन त्या दिवशी मले तो फोन फेकून द्यावा वाटला. सर्जा दोन दिवस कडब्याले तोंड लावे ना अन् हा बजार सांगून रायला.

'दुसरा आनू' हे लिवजो नको बाई. बाकी काई बी लिव.

तूरदाणा
+१. स्वयंपाक चालू आहे, नंतर लिहिते

भाषेची मास्तरीण
मला एक गोष्ट फार जाणवते. आपण सहज म्हणतो 'तिचं कुत्रं मेलं'. ती म्हणते 'काळ्या गेला'. सगळा फरक तिथेच आहे. मेसेजमध्ये 'कुत्रं' नको, 'ते' नको, 'मेलं' तर नकोच. नाव लिहा, आणि 'तो' लिहा. माझी मांजर गेली तेव्हा एकीनं लिहिलं, 'तुझी ठमी गेली हे कळलं.' त्या 'गेली'वरच मी रडले. बाकीचं काय लिहिलं होतं, आठवत नाही.

जंगलकाठचा
आमच्या इकडं वाघानं गोऱ्हा मारला मागल्या महिन्यात. वनखात्याचे पैसे किती दिवसात येतात कोनाले माहीत हाय का?

बंडीवाला
@जंगलकाठचा, भाऊ धागा येगळा हाय 😅 पन लवकर कळव अन् पंचनामा होये लोक मढं हलवू नको.

जंगलकाठचा
हलवलं ना राजेहो

देवघर
मेसेज करूच नये. आपल्यात अशा वेळी जाऊन बसतात, चहा करून देतात. मेसेज म्हणजे शहरी थेरं. आणि जनावराचं सुतक नसतं, तेव्हा फार ताणूही नये.

तूरदाणा
भाकऱ्या झाल्या. @देवघर, जाऊन बसावं हे खरं आहे काका. पण माणूस गेला तर घरात बसायला चार जण येतात. कुत्र्यासाठी कोण येतं? रडावं तर सासू म्हणते, येडी झाली का. म्हणून तर ती रात्री फोन घेऊन एकटी बसलेली असते. तिथं मेसेजच पोचतो. सुतक नाही म्हणूनच सुट्टीही नाही, दुसऱ्या दिवशी वेचायला जावंच लागतं.

गुरांचा दवाखाना
मी तीस वर्षं पशुसंवर्धनात होतो, आता निवृत्त. एक गोष्ट सांगतो, ती या मेसेजच्या कामाची आहे.

जनावर अचानक गेलं की मालक दुःखाआधी स्वतःवर खटला चालवतो. रात्री बांधला असता तर. गाडी लवकर मिळाली असती तर. अशा वेळी लोक दोन वाक्यं लिहितात. एक, 'तुझी काही चूक नाही.' ते वाचून ती मनात वाद घालत बसते, कारण तिच्याकडं पुरावे तयार असतात. दुसरं, 'तसाही वाचला नसता.' हे मी कधी बोललो नाही. घोणशीच्या विषानं रक्त गोठत नाही, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं, सूज चढते. पण वेळेत सर्पविषावरची लस मिळाली तर कुत्रं वाचल्याचं मी पाहिलं आहे, आणि लस देऊनही गेलेलं पाहिलं आहे. शिवाय कुत्रं लहान म्हणून लस कमी लागते असं नसतं. विष किती गेलं त्यावर सगळं. आणि खेड्यापाड्यात ती हाताशी असतेच असं नाही. तेव्हा 'वाचला नसता' कोणालाच माहीत नाही. उद्या तिला दुसरं कोणी 'अमक्याचा वाचला' म्हणालं की तुमचा मेसेज खोटा पडेल.

त्यापेक्षा तिनं जे केलं तेच लिहा. पोत्यात घेऊन निघाली. मांडीवर होता. हे घडलेलं आहे, यावर तिला वाद घालता येणार नाही.

बंडीवाला
सायेब पटलं. पन थोडं खोटं बोलून कोनाले झोप लागत असन त काय बिघडते?

गुरांचा दवाखाना
कधी कधी लागते झोप, नाकारत नाही. मला जमलं नाही एवढंच.

चुलीमागची
माझ्या लेकाची बकरी होती, चंपी. लांडग्यानं नेली. त्याच्या मास्तरांनी वहीत लिवलं, 'चंपीनं माझा डबा खाल्ला होता तो दिवस मला आठवतो.' पोट्टं हसलं अन् मग रडलं. आता मोटर चालू झाली, पानी भरते.

सावजी रस्सा
मी तर 'कसं झालं, काऊन झालं, फोटो पाठव' असं विचारलं होतं मित्राला. लय वर्षांनी त्यानं सांगतलं का तू मले तीनदा तेच सांगाले लावलं. तेव्हापासून प्रश्नचिन्हच टाकत नाही.

देवघर
बरं, करा मेसेज. पण जाऊनही या.

ओट्यावरची
रात्री पाठवला. जसा गेला तसा इथं टाकते:

"काळ्या गेल्याचं कळलं. मागच्या वेचणीला त्यानं माझी चप्पल बांधावरून पळवली होती, मी अनवाणी घरी गेले होते. तू त्याला मांडीवर घेऊन निघालीस, शेवटपर्यंत तुझाच हात होता त्याच्यावर. मला फार वाईट वाटतंय. उत्तर नको देऊ. रविवारी येते, वेचायला हात लागेल तुला."

आधी 'काळजी घे' लिहिलं होतं, ते काढलं. 'तुझी चूक नाही' पण काढलं.

तूरदाणा
चप्पल ❤️

बंडीवाला
बेस. अन् पोळ्याले पुन्हा येक ओळ टाकजो. आमच्या राजाचा मेसेज मले पोळ्याच्या दिवशी आला होता, सगळे इसरल्यावर. 'आज तोरनाखाली राजा नाई दिसला.' तो मानूस माह्या ध्यानात हाय.

भाषेची मास्तरीण
काही बोलली का ती?

ओट्यावरची
रात्री काहीच नाही. आत्ता सकाळी आलं: "दुसरी चप्पल अजून त्याच्या पोत्याखाली आहे. रविवारी घेऊन जा."

जंगलकाठचा
ताई, लय चांगलं लिवलं. अन् ते पंचनाम्याचं कोनी सांगन का, मढं हलवलं असन त काय करा लागते?