ग्रेडला ‘दर्जा’ म्हणावे का? इन्सर्टचे शब्द मराठीत आणताना

शिल्प निदेशक, कुर्ला
टर्नर व्यवसायाच्या प्रशिक्षणार्थींसाठी मराठी टिपणे लिहीत आहे. लेथच्या टूलवर बसणाऱ्या इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या टिपेच्या, संदर्भात ग्रेडला ‘दर्जा’, रेक अँगलला ‘कलकोन’ आणि चिपब्रेकरला ‘चिपतोडक’ असे शब्द योजले आहेत. हेच ठेवावेत, की इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावेत?

साकीनाक्याचा सेटर
बाकीचे काहीही ठेवा, पण ‘दर्जा’ आधी काढा. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने P15 म्हणजे पंधरावा दर्जा आणि P35 म्हणजे पस्तिसावा, म्हणून पहिला सरस, असा सरळ अर्थ लावला. काम होते EN8 पोलादाच्या 50 मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचे, आणि त्यात चावीची खाच आधीच पाडलेली होती. त्याने CNMG 120408 या आकार-मापाची P15 ग्रेडची टिप लावली आणि 200 मीटर प्रतिमिनिट वेगाने, म्हणजे सुमारे 1270 आरपीएमवर, काप सुरू केला. प्रत्येक फेरीला खाचेची कडा टिपेवर आदळत होती. तिसऱ्या शाफ्टला धारेचे कण उडाले. धार झिजली असती तर पाठीवर एकसारखा चकचकीत पट्टा दिसला असता. इथे धार दातेरी झाली होती, म्हणजे दोष झिजेचा नव्हता, धक्क्याचा होता. P35 लावून वेग 140 वर आणला, तेव्हा काम सुरळीत झाले. आकडा वाढतो तसा चिवटपणा वाढतो आणि झिजेला तोंड देण्याची ताकद कमी होते. यात चांगले-वाईट काही नसते.

निवृत्त अनुवादक, दादर
मुद्दा पटला, ‘दर्जा’ या शब्दात मूल्यमापन दडलेले आहेच. मग त्याला ‘काठिण्यांक’ म्हटले तर? आकडा कठीणपणाच दाखवतो ना? परक्या शब्दांची रांग पाठ करण्यापेक्षा मराठी मुलाला स्वतःच्या भाषेतला अर्थ लवकर कळतो, असे मला वाटते.

साकीनाक्याचा सेटर
साहेब, तुमचे अर्धे बरोबर आहे. आकडा कठीणपणाचा म्हटला, तर मुलगा P35 ला सर्वांत कठीण समजेल आणि दिशाच उलटी होईल. कठीण आणि चिवट हे दोन शब्द आपल्याकडे आहेत, तेच वापरा, पण टिपणाच्या वाक्यात; नाव ‘ग्रेड’च राहू द्या. कारण डबीवर P15 असेच छापलेले असते आणि मुलाला ती डबी वाचायची आहे.

विक्रोळीची गुणवत्ता निरीक्षक
माझा प्रश्न थोडा निराळा आहे. आमच्याकडे स्टेनलेसच्या कामासाठी CNMG घेतल्या, कारण त्यात M आहे. तरीही धारेवर धातू चिकटत राहिला. हीसुद्धा भाषांतराचीच चूक म्हणायची का?

शिल्प निदेशक, कुर्ला
बाई, ते M वेगळे. CNMG मधले तिसरे अक्षर टिपेच्या मापांची सहनशीलता सांगते. स्टेनलेसचा M ग्रेडच्या नावापुढे, डबीवर बहुधा पिवळ्या रंगात असतो. पोलादाचा P निळा आणि बिडाचा K लाल. एकाच अक्षराचे दोन अर्थ होतात हे टिपणात ठळकपणे लिहायला हवे, हे तुमच्यामुळे लक्षात आले.

निवृत्त अनुवादक, दादर
‘चिपतोडक’ तरी ठेवाल ना? तो शब्द ऐकायला छान आहे.

साकीनाक्याचा सेटर
छान आहे, म्हणूनच घातक आहे. तोडक म्हटले की मुलगा तोडणारा सुटा भाग शोधतो. टिपेवर असते फक्त एक खाच, आणि तीही चिप तोडत नाही, वळवते. वळलेली चिप जॉबवर किंवा टूलवर आपटून तुटते. त्यासाठी चिप पुरेशी जाड हवी. रफिंगच्या खाचेची टिप लावून 0.08 मिलिमीटर फीडने आणि 0.3 मिलिमीटर खोलीने फिनिश काप घेतला, तर बारीक चिप खाचेपर्यंत नीट पोचतच नाही, लांब फिती निघतात आणि चकला गुंडाळतात. अशा वेळी मुलगा ‘तोडक खराब आहे’ म्हणून टिप बदलतो. बदलायला हवी असते ती खाच किंवा फीड. उलट फिनिशच्या अरुंद खाचेवर जाड फीड दिले की चिप खाचेत दाटते आणि धार फुटते.

शिल्प निदेशक, कुर्ला
मग ‘वळणखाच’ म्हणतो. कलकोनाचे मात्र अजून ठरत नाही. CNMG ची टिप होल्डरमध्ये साधारण 6 अंशांनी खाली झुकून बसते, म्हणून कारखान्यात तिला निगेटिव्ह म्हणतात. पण खाचेच्या उतारामुळे धारेपाशी चिप ज्या कोनात सरकते तो पॉझिटिव्हही असू शकतो. ‘ऋण कलकोनाची टिप’ असे लिहिले, तर मुलगा यांपैकी नेमका कोणता कोन मोजेल?

निवृत्त अनुवादक, दादर
‘ऋण बैठक’ आणि ‘धारेचा कलकोन’ असे दोन शब्द करता येतील.

साकीनाक्याचा सेटर
शॉपमध्ये ‘ऋण बैठक’ कुणी म्हणणार नाही. पण फळ्यावर आकृती काढताना बरे पडेल, हे खरे.