मदत हवी आहे: बातमीतला 'प्लासिबो' म्हणजे काय? नाशकात कुठे मिळेल?

सिडकोची_सून
काल पेपरात गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनवर लेख होता. त्यात लिहिलंय, 'चाचणीत शस्त्रक्रियेचा फायदा प्लासिबोपेक्षा जास्त दिसला नाही.' म्हणजे प्लासिबो तेवढंच गुणकारी, मग ऑपरेशन कशाला? दोन मेडिकलात विचारलं. एक म्हणाला कंपनी सांगा, दुसरा नुसता हसला. सासूबाईंच्या ऑपरेशनचं गुरुवारपर्यंत कळवायचंय. गोळी असते की इंजेक्शन? लवकर सांगा.

गोदाकाठचा_गण्या
हसला तो बरोबर हसला :) प्लासिबो म्हणजे साखरेची गोळी. औषध नसतंच त्यात. पेशंटला वाटतं औषध घेतलं आणि बरं वाटायला लागतं. थोडक्यात, दुखणं मनातलं होतं.

सिडकोची_सून
सासूबाईंचं दुखणं मनातलं नाही हो. जिना उतरताना डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या.

पंचवटी_आप्पा
निर्गुंडीचं तेल कोमट करून रात्री चोळा. माझा गुडघा त्यावरच चाललाय. ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका.

निवृत्त_सिस्टर
आप्पा, प्रश्न तेलाचा नाही. ताई, लेखात अमेरिकेतल्या ह्यूस्टनची चाचणी होती का? २००२ साली छापून आलेली?

सिडकोची_सून
हो, ह्यूस्टनच. १८० पेशंट लिहिलेत.

निवृत्त_सिस्टर
मग तिथला प्लासिबो गोळीही नव्हता आणि इंजेक्शनही. ते खोटं ऑपरेशन होतं! सगळ्यांचे गुडघे झिजलेले. कुणाला काय करायचं, ते पेशंट थिएटरमध्ये आल्यावर पाकीट फोडून ठरायचं. काहींचा गुडघा आतून धुतला, काहींचा धुऊन खरवडून साफ केला आणि उरलेल्यांना गुडघ्यावर सेंटिमीटरभराच्या तीन चिरा देऊन टाके घातले. दुर्बीण आत गेलीच नाही. तरी सर्जन हत्यारं मागत होता, पाय वाकवत होता, धुतल्याचा आवाज यावा म्हणून पाणी उडवत होता. रात्रभर दवाखान्यात सगळेच राहिले. आपल्याला काय मिळालं, हे पेशंटला माहीत नाही आणि नंतर दुखणं मोजणाऱ्यालाही नाही. दोन वर्षं पाहिलं, पण तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

म्हणजे त्या वाक्याचा अर्थ 'प्लासिबो चांगला' असा नाही. आतली साफसफाई केली काय, न केली काय, सारखंच, एवढाच त्याचा अर्थ. प्लासिबो ही तुलनेची बाजू असते, दुकानात मिळणारा माल नव्हे.

कॉलेजरोड_कट्टा
ही तर चक्क फसवणूक! आपल्याकडे असं केलं तर लोक दवाखाना फोडतील.

निवृत्त_सिस्टर
फसवणूक नव्हती. खोटं ऑपरेशन वाट्याला येऊ शकतं, त्याने गुडघ्याची झीज बरी होणार नाही, हे पेशंटने आधी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं होतं. ३२४ जणांना विचारलं, १४४ जण नाही म्हणाले.

गोदाकाठचा_गण्या
म्हणजे माझंच खरं ना? चिरा मारून बरं वाटलं, तर मनाचीच कमाल.

निवृत्त_सिस्टर
अर्धं खरं. गुडघेदुखी कमी-जास्त होतच असते. माणूस ऑपरेशनला तयार होतो तेव्हा ती बहुधा शिगेला पोचलेली असते, नंतर आपसूकही थोडी उतरते. ज्यांना काहीच केलं नाही असा चौथा गट तिथे नव्हता. त्यामुळे मन किती आणि काळ किती, ते त्या चाचणीवरून सांगता येत नाही. आणि बरं वाटलं म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

इंदिरानगर_बाबा
माझे वडील शुगरच्या औषधाच्या चाचणीत होते. आम्हाला धास्ती, यांना खोटी गोळी मिळाली तर शुगर चढेल. पण त्यांची नेहमीची गोळी दोन्ही गटांना चालूच होती, नवी किंवा खोटी त्यावर वरून. संमतीपत्रावर होतं लिहिलेलं, आम्ही सही करताना वाचलंच नव्हतं. आपण काय घेतलं, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

पंचवटी_आप्पा
तेलाला संमतीपत्र लागत नाही.

कॉलेजरोड_कट्टा
आप्पा, तुमच्या तेलाचीही चाचणी घ्यायला हवी. अर्ध्यांना निर्गुंडी, अर्ध्यांना साधं तेल.

पंचवटी_आप्पा
वास ओळखतील की!

निवृत्त_सिस्टर
आप्पा, लाख बोललात. तिथेच चाचण्या फसतात. ताई, एक राहिलं. सासूबाईंचं वय काय आणि ऑपरेशन नक्की कशासाठी सांगितलंय? झीज, की आणखी काही?

सिडकोची_सून
वय ७१. झीज आहेच. पण दिवाळीत रामकुंडाच्या पायऱ्यांवर घसरल्या, तेव्हापासून गुडघा मधेच अडकतो. हाताने हलवून सोडवावा लागतो. एमआरआय झालाय. गादी फाटली, असं काहीतरी म्हणाले.

निवृत्त_सिस्टर
अहो, हे आधी सांगायचं! ती चाचणी झिजेच्या दुखण्याची होती. पडल्यावर गुडघा अडकायला लागणं वेगळं, त्याला तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. अर्थात या वयात झिजेमुळेही गादी फाटलेली दिसते. त्यामुळे डॉक्टरांना सरळ विचारा: अडकणं आणि दुखणं फाटलेल्या गादीमुळे आहे की झिजेमुळे? ऑपरेशनने यातलं काय थांबेल?

गोदाकाठचा_गण्या
आणि दुसरं मत घ्याच.

सिडकोची_सून
बुधवारची वेळ मिळालीये. लेखाचं कात्रण नेऊ की नको? डॉक्टर चिडतील का?

पंचवटी_आप्पा
कात्रण न्या. तेलाचंही विचारा.