केवडा, करपा आणि पिवळं पडणं : ऊसवाले नक्की कशाला काय म्हणतात?

नेवाशाची_लेक : नमस्कार मंडळी, शब्द विचारायचाय पण त्यामागे एक प्रकरण आहे म्हणून थोडं सांगते. आमचा खोडवा ऊस, २६५ जातीचा, पोंग्याजवळची पानं पांढरट पडली. वडील म्हणाले "केवडा पडलाय", भाऊ दुकानात जाऊन "केवड्याचं औषध द्या" म्हणाला आणि त्यांनी मेटॅलॅक्झिल दिलं, म्हणजे बुरशीचं. फवारलं, काहीच फरक नाही. आता मी आमच्या महिला गटासाठी पानं ओळखायचा एक पानी तक्ता करतेय तर त्यात केवडा लिहावं का? आणि टोकं जळतात त्याला करपा म्हणायचं का? इंग्रजी तक्त्यात 'इंटरव्हेनल क्लोरोसिस' आणि 'टिप स्कॉर्च' असं आहे, त्याला आपल्याकडे खरंच बोलले जाणारे शब्द पाहिजेत, पुस्तकी नकोत.

द्राक्षबाग_तासगाव : ताई केवडा म्हणजे डाऊनी. पानाच्या वरून तेलकट पिवळा डाग आणि खालून पांढरी बुरशी, पाऊस नि ढगाळ हवा असली की येतो. औषध बरोबरच दिलंय त्यांनी, फक्त उशीर झाला असेल. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की घड जिरायच्या आधी केवडाच घेऊन जातो, मी तर पोंगा अवस्थेपासूनच फवारे चालू ठेवतो.

नेवाशाची_लेक : दादा आमचा ऊस आहे हो, द्राक्ष नाही :) पानाखाली बुरशी वगैरे काही दिसत नाही.

शब्दांचा_मळा : इथेच तर गंमत आहे. केवडा हे रोगाचं नाव नाहीच मुळात, ते रंगाचं नाव आहे. केवड्याच्या कणसाची आतली पानं फिकट पिवळी असतात, त्यावरूनच आलं असावं. म्हणून द्राक्षात डाऊनीला केवडा, बाजरीत गोसावीला केवडा, भेंडीच्या पिवळ्या शिरांच्या व्हायरसला काही भागात केवडा तर काही भागात हळद्या, आणि उसात लोह कमी पडलं तरी केवडाच. बुरशी, व्हायरस आणि लोह, तिन्हीला एकच नाव. शेतकऱ्याने रंग सांगितला आणि दुकानदाराने रोग ऐकला, असं झालंय तुमच्याकडे.

सुपीक८६ : एवढा घोळ कशाला, सोपं आहे. शिरा हिरव्या आणि मधे पिवळं = लोह. टोकं जळाली = पालाश. सगळं पान पिवळं = नत्र. तक्त्यात या तीन ओळी टाका, काम झालं. मी ग्रुपवर हेच पाठवतो सगळ्यांना.

वाफसा : सुपीकराव, तुमच्या ओळी अर्ध्या बरोबर आहेत आणि उरलेल्या अर्ध्यातच शेतकऱ्याचे पैसे जातात म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कारखान्याच्या माती परीक्षणात नोकरी केलीय, खोडव्याचा केवडा दरवर्षी बघायचो. पानाचा रंग बघायच्या आधी कुठलं पान ते बघायचं. लोह झाडात एकदा जिथे बसलं तिथून हलत नाही, त्यामुळे कमी पडलं की नवीन पान उपाशी राहतं आणि खालची जुनी पानं हिरवीगार दिसतात. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम हलतात, झाड जुन्या पानातून काढून पोंग्याला देतं म्हणून त्यांची लक्षणं खालून सुरू होतात. आता शिरा हिरव्या नि मधे पिवळं हे जर खालच्या पानावर असेल तर ते लोह नाही, मॅग्नेशियमकडे बघा. कापसाचा लाल्या आठवा, तो खालच्या पानांपासूनच चढतो, आणि त्यातही नुसतं मॅग्नेशियम नसतं, नत्र, तुडतुडे, थंडी सगळं मिळून असतं.

दुसरं म्हणजे उसात "शिरांच्या मधे" असं कोणी बोलत नाही. उसाच्या शिरा पानाच्या लांबीने सरळ जातात त्यामुळे हिरवे-पिवळे पट्टे दिसतात, शेतकरी "पात पट्ट्यापट्ट्याची झाली" म्हणतो. सोयाबीन, मोसंबी, द्राक्ष यांच्या पानावर शिरांचं जाळं असतं, तिथे "शिरांची जाळी दिसते" म्हणतात. ताई तक्त्यात दोन वेगळे शब्द टाका, पट्टे आणि जाळी, कोणालाही कळेल. आणि जास्तच कमी पडलं की पट्टेही जातात, पात पांढरीफटक होते, तेव्हा शिरा हिरव्या शोधत बसाल तर सापडणारच नाहीत.

नेवाशाची_लेक : काका खूप आभार. आमच्यात पट्टेच आहेत, काही पानं पूर्ण पांढरी. पण मग जमिनीत लोह कमी आहे का? आमची तर काळी जमीन आहे.

वाफसा : लोह जमिनीत भरपूर असतं, झाडाला मिळत नाही. चुनखडीची जमीन, सामू ८ च्या वर, त्यात पाणी साचलं की मुळाला ते घेता येत नाही. खोडव्याला जास्त होतं कारण जुनी मुळं थकलेली असतात आणि वर फुटवे जोरात येतात, त्यात जानेवारीची थंडी असली तर अजूनच. पुष्कळ वेळा ऊन वाढलं, वाफसा आला की आपोआप हिरवं होतं आणि ज्याचं औषध शेवटी मारलं त्याला श्रेय मिळतं. शेतात फिरून बघा, केवडा कुठे आहे, सगळीकडे की पट्ट्यात? पाणी साचतं ती बाजू, चुनखडीचे पांढरे खडे दिसतात ती बाजू? मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडचे थेंब टाकले तर चुनखडी असेल तिथे फसफसतं, हे कुठल्याही प्रयोगशाळेत करून देतात.

एक साधी खात्री सांगतो. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवा, म्हणजे फेरस सल्फेट, हिरवट स्फटिक असलेलं घ्या, तांबूस पडलेलं जुनं नको, त्याचं लोह खराब झालेलं असतं. त्यात चिमूटभर सायट्रिक अॅसिड. कापसाच्या बोळ्याने चार-पाच पांढऱ्या पातींच्या एकाच बाजूला लावा, दुसरी बाजू तशीच ठेवा, वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. आठवडा-दहा दिवसांनी लावलेली बाजू हिरवी झाली तर लोहच. नाही झाली तर पुढचा खर्च करू नका.

गुऱ्हाळ_कराड : आमच्याकडे पण पांढरा ऊस होता, हिराकस मारला, झिंक मारलं, सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली पण मारली, नाही सुधारला. शेवटी तपासलं तर ती गवताळ वाढ निघाली. बेटातून गवतासारखे बारीक बारीक फुटवे, मोजता येणार नाहीत इतके. त्यालाही गावात केवडाच म्हणत होते सगळे.

वाफसा : हे फार महत्त्वाचं सांगितलंत. गवताळ वाढीत पात अरुंद, नुसती फिकी, फुटवे बेसुमार आणि ती सुटी सुटी बेटं असतात, आजूबाजूचा ऊस हिरवा. लोहाच्या केवड्यात फुटवे नेहमीइतकेच, पात नेहमीच्या रुंदीची आणि पिवळेपणा शेताच्या एका पट्ट्यात. गवताळ बेट खणून काढावं लागतं, त्याला औषध नाही आणि त्याचं बेणं वापरायचं नाही. अजून एक, पानाची मधली शीर खालच्या बाजूने पिवळी आणि कडेचं पान हिरवं असेल तर तो वेगळाच व्हायरस आहे, लोहाच्या बरोबर उलटं चित्र.

नेवाशाची_लेक : काका आज सगळं शेत फिरून बघितलं. केवडा खालच्या अंगाला आहे, जिथे शेवटच्या सऱ्यांत पाणी तुंबतं तिथे, पट्टे आहेत, फुटवे नेहमीसारखे. पण वरच्या बाजूला तीन बेटं गवतासारखी सापडली, वडिलांनी ती लगेच खणून काढली. म्हणजे दोन्ही होतं आणि आम्ही दोन्हीला केवडा म्हणत होतो! बोळ्याचं आजच लावलंय. आता खालच्या जुन्या पानांची टोकं जळलीयेत त्याचं काय, तो करपा का?

शब्दांचा_मळा : करपा लिहू नका असं मला वाटतं. कांद्यावर, भातावर, केळीवर करपा म्हणजे बुरशीचा रोग, लोक परत औषधाच्या दुकानात जातील. "टोकं वाळली" लिहा.

सुपीक८६ : पण टोक वाळलं म्हणलं की पाण्याचा ताण वाटतो. माझ्या मते "टोक जळालं" बरं. आणि ते पालाशच आहे, ते तरी माझं बरोबर होतं ना काका?

वाफसा : पालाश असू शकतं. पालाशात खालच्या पानाचं टोक नि कडा आधी पिवळट-नारिंगी होतात, मग तपकिरी होऊन जळत आत येतात, आणि उसात मधल्या शिरेवर वरच्या बाजूने लालसर रंग चढतो. ती लाली दिसली तर पालाशावर माझा भरवसा वाढतो. पण खारं पाणीसुद्धा जुन्या पानांची टोकं असंच जाळतं. ताई, पाणी कॅनॉलचं की बोअरचं? सरीच्या वरंब्यावर पांढरी खार दिसते का?

नेवाशाची_लेक : उन्हाळ्यात बोअरचं, आणि हो, वरंब्यावर पांढरं दिसतं. मधल्या शिरेवर लाली काही पानांवर आहे, काहींवर नाही.

वाफसा : मग पानावरून हे सुटणार नाही, माझ्याच्याने तरी नाही. बोअरच्या पाण्याची क्षारता आणि मातीतला पालाश दोन्ही तपासा, त्याआधी पोटॅश टाकू नका. त्यातून म्युरेट म्हणजे क्लोराईड, खाऱ्या पाण्यावर ते अजून वाढवायचं कशाला.

द्राक्षबाग_तासगाव : बोअरच्या क्षारामुळे आमच्याकडे पण पानांच्या कडा जळतात, ते खरंय. मला वाटलं होतं ताई डाऊनीचं विचारतायत.

नेवाशाची_लेक : नऊ दिवस झाले. बोळा लावलेली बाजू हिरवी झालीये!! म्हणजे पूर्ण नाही, ठिपके ठिपके हिरवे आलेत.

वाफसा : ठिपकेच येणार, लोह हलत नाही ना, जिथे थेंब बसला तेवढंच हिरवं. म्हणून फवारा पूर्ण ओला बसला पाहिजे. १० लिटरला ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, आठ-दहा दिवसांनी परत, कारण नवीन पात परत पांढरीच निघते. एकदम जास्त केलंत तर पात जळेल आणि मग टोक कशाने जळालं हा नवा वाद. ड्रिपमधून द्यायचं असेल तर चुनखडीत ईडीटीएतलं लोह टिकत नाही, ईडीडीएचएतलं मागा, महाग आहे पण तिथे तेच टिकतं. जमिनीतून हिराकस एकरी १० किलो, नुसता टाकलात तर चुनखडी खाऊन टाकेल, दहापट कुजलेल्या शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून मगच द्या. आणि शेवटच्या सऱ्यांचं पाणी बाहेर काढायचा चर आधी, फवारा नंतर.

नेवाशाची_लेक : चर कालच काढायला घेतलाय. तक्त्यात असं लिहितेय : "वरची पात पट्ट्याची, खालची हिरवी, शेताच्या एका भागात – लोह." "सुटं बेट, बारीक फुटवे – गवताळ, खणा." "खालच्या पानाचं टोक जळालं – पाणी आणि माती तपासा." केवडा शब्द काढून टाकू का?

शब्दांचा_मळा : काढू नका, बायका शेतात केवडाच म्हणणार. पहिली ओळ अशी करा, "केवडा दिसला? कुठलं पान, कुठली जागा?"

गुऱ्हाळ_कराड : आमच्याकडे टोक जळाल्याला "पात शेंडली" म्हणतात, तेही टाकता आलं तर बघा.

शब्दांचा_मळा : हे मी पहिल्यांदाच ऐकतोय, कराडच्या बाहेर कोणी वापरतं का?