शोधनिबंधांचं आवाहन: ‘मध्यरात्रीपर्यंत’ म्हणजे नक्की कधी?

धागाकर्ता: परिषदेचं आवाहन नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ वाक्य: ‘भाषा, समाज, तंत्रज्ञान व तत्सम विषयांवरील निबंध 3000 शब्दांत, 15 मार्च 2026 मध्यरात्रीपर्यंत पाठवावेत.’ मला हे ठीक वाटतं, सहकारी म्हणतात यात भांडणं दडलीत. एवढा काटेकोरपणा खरंच लागतो?

तळटीप: लागतो. 15ची मध्यरात्र म्हणजे 14 तारीख संपताना की 15 संपताना? आणि कुठल्या देशातली? संगणकशास्त्राच्या परिषदांत AoE लिहितात, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेल तोवर. तुमच्यासाठी: ‘रविवार, 15 मार्च 2026, 23:59 AoE (सोमवार, 16 मार्च, 11:59 UTC)’. वार मुद्दाम लिहा. तारीख चुकली तर वार जुळत नाही आणि चूक छापण्याआधीच सापडते.

निवांत: AoE लिहिलं की काम झालं. 3000 शब्द म्हणजे 3000, त्यात काय संदिग्ध?

तळटीप: AoEचं बरोबर, पण पोर्टल त्याच वेळेला बंद होतं का तेही बघा. शब्दांचं म्हणाल, तर एकदा माझ्याकडे परीक्षणाला 2900 शब्दांचा मजकूर आणि वर 1100 शब्दांची संदर्भसूची आली. मी निबंध ठेवला, दुसऱ्या परीक्षकाने मर्यादा ओलांडली म्हणून बाद केला. चूक लेखकाची नव्हती. ‘तळटीपा धरून, सारांश व संदर्भसूची वगळून, कमाल 3000, जास्त असल्यास परीक्षणाविना परत’ एवढं लिहिलं असतं तर वादच नव्हता.

शोधार्थी: माझंही असंच झालं! सारांश स्वीकारल्याची मेल आली, मी तिकीट काढलं, नंतर पूर्ण निबंध नाकारला. आता पैसे परत मागता येतील का?

तळटीप: तो वेगळा प्रश्न आहे, पण धागाकर्त्याच्या कामाचा. तुमच्या वाक्यात नुसतं ‘निबंध’ आहे. 15 तारखेला सारांश हवाय की पूर्ण निबंध? दोन्ही टप्पे असतील तर सारांश स्वीकारणं म्हणजे फक्त निबंध पाठवायची परवानगी, हे त्याच ओळीत सांगा.

मोकळं_रान: तारखा घट्ट करा, विषय मात्र नको. ‘तत्सम’ काढलंत तर कुठल्याच खणात न बसणारे निबंध येणार नाहीत, आणि बरेचदा तेच वाचनीय असतात.

तळटीप: ‘तत्सम’वर कोणी निबंध बाद केला तर लेखकाला दाद मागायला जागाच नाही. ‘यादीबाहेरचा विषय असल्यास परिषदेच्या मुख्य प्रश्नाशी त्याचं नातं सारांशात दोन वाक्यांत सांगावं’ असं लिहा. दार उघडं राहतं.

मोकळं_रान: म्हणजे पाहुण्याने दारातच ओळखपत्र दाखवायचं. नवखा परत फिरेल.

धागाकर्ता: विषयांचं समितीपुढे ठेवतो, बाकीचं बदलतो. ‘मुदतवाढ मिळणार नाही’ हेही लिहू ना?

निवांत: लिहा. गेल्या वर्षीही लिहिलं होतंत, मग दहा दिवस वाढवून दिलेत. मी तरी 25 धरूनच चाललोय.