प्रतिसाद: कोविडमध्ये ऑक्सिजन कमी, तरी धाप का नाही?

> "ऑक्सिमीटर ८६ दाखवत होता आणि बाबा फोनवर आरामात बोलत होते. मशीन बिघडलं होतं का?"

बहुधा नाही. बोटं गार असतील किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो, पण बोट चोळून, हात स्थिर ठेवून पुन्हा तेच आलं तर तो खरा धरा.

धाप लागल्याची जाणीव मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून होते. कोविडच्या न्यूमोनियात फुप्फुसाचे काही भाग हवेविना राहतात आणि तिथून जाणारं रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. चांगले भाग ही तूट भरून काढू शकत नाहीत, कारण तिथलं रक्त आधीच जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड मात्र तेच भाग जास्तीचा बाहेर टाकतात. सुरुवातीला फुप्फुसं ताठरलेली नसतात, त्यामुळे श्वास ओढायला जोरही लागत नाही.

समजा, रक्ततपासणीत ऑक्सिजनचा दाब ५२ आणि कार्बन डायऑक्साइडचा ३२ आला (एरवी ३५ ते ४५). गळ्यातल्या धमनीजवळचे संवेदक ऑक्सिजन कमी झाल्याचं कळवतात, पण कार्बन डायऑक्साइड कमी असल्याने मेंदू त्या इशाऱ्याला फारसा जुमानत नाही. वय झालेल्यांत आणि मधुमेहींत हा इशारा मुळातच क्षीण असतो.

म्हणून मी 'धाप लागते का?' यापेक्षा मिनिटाला श्वास किती, हे मोजायला सांगते. चेहरा शांत असूनही ते २६-२८ निघतात. ऑक्सिमीटरवर ९४ च्या वर असलेल्यांनी घरातच सहा मिनिटं चालून पाहावं. आकडा तीनने घसरला तर डॉक्टर गाठा. ८६ वाल्याला चालवू नका, थेट रुग्णालयात न्या.