मदत हवी आहे: शेतकरी नसताना गावठाणालगतची 12 गुंठे जमीन घेऊन बिगरशेती करता येईल का? (मिरज तालुका)

माधवी_विश्रामबाग

नमस्कार. आम्ही सांगलीत भाड्याने राहतो. माझे पती एका खासगी कारखान्यात नोकरीला आहेत आणि त्यांच्या घराण्यात कधीही शेती नव्हती. मिरज पूर्व भागातील एका गावात त्यांच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याचा 24 गुंठ्यांचा गट आहे. त्यातील रस्त्याकडेची 12 गुंठे जमीन ते आम्हाला घरासाठी द्यायला तयार आहेत. गट गावठाणाला जवळजवळ लागूनच आहे. सातबारावर ते एकटेच भोगवटादार असून जमीन वर्ग 1 ची आहे आणि इतर हक्कात सोसायटीच्या बोजाशिवाय काहीही नाही. क्षेत्र मात्र जिरायत दाखवले आहे. प्रत्यक्षात म्हैसाळ योजनेचे पाणी आल्यापासून तेथे द्राक्षबाग उभी आहे.

मध्यस्थाचे म्हणणे असे की, आत्ता तीन लाख रुपये विसार देऊन पतींच्या नावे नोटरीपुढे साठेखत करावे, ताबा घ्यावा, कुंपण घालावे आणि पुढे सवडीने एनए करून खरेदीखत नोंदवावे. "सगळे असेच करतात," असे ते सांगतात. आमची सगळी शिल्लक यात जाणार असल्याने पैसे देण्यापूर्वी विचारत आहे. हा क्रम कायद्याला धरून आहे का? नसल्यास योग्य क्रम कोणता?

कृष्णाकाठ

ताई, काळजीचे कारण नाही. गावठाणापासून 200 मीटरच्या आतील जमिनीला आता एनए लागतच नाही. आमच्या गावात त्या पट्ट्यात कितीतरी बंगले झाले आहेत. साठेखत करा, ग्रामपंचायतीकडून बांधकामाची परवानगी घ्या आणि घर नमुना 8 ला लावून घ्या.

अण्णा_निवृत्त_मंडळाधिकारी

कृष्णाकाठ यांनी सांगितलेली 200 मीटरची सवलत खरी आहे, पण ती तुमच्या पहिल्या अडचणीला लागू पडत नाही, म्हणून आधी अडचण कोणती ते पाहू.

कोण विकत घेऊ शकतो हा एक प्रश्न आहे आणि जमिनीचा वापर कसा बदलायचा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 च्या कलम 63 मध्ये आहे, तर दुसऱ्याचे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये. तुमचे मध्यस्थ दुसऱ्याचे उत्तर सांगून पहिला प्रश्न झाकत आहेत. जमीन कागदोपत्री शेतीची असेपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही आणि ताबागहाणही ठेवता येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विक्रीचा लेखी करारसुद्धा याच कलमात येतो. त्यामुळे "खरेदीखत नाही, नुसते साठेखत आहे" या युक्तिवादाला आधार नाही. त्यातून ताबाही घेतलात, तर कोणी एक अर्ज केला तरी कलम 84-क खाली तहसीलदार चौकशी लावू शकतात. व्यवहार अवैध ठरला तर जमीन पूर्ववत मूळ मालकाला देण्याची संधी मिळते. ती साधली नाही तर जमीन शासनाकडे जाते. तुमचे तीन लाख तुम्हाला मालकाकडून मागत बसावे लागतील, तेही अवैध कराराच्या आधारावर.

मृत्युपत्राची पळवाटही कोणी सुचवू नये. याच अधिनियमाच्या गुजरातमधील तरतुदींवर सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये निकाल दिला आहे की, मृत्युपत्राने बिगरशेतकऱ्याकडे जाणारी शेतजमीनही या बंधनातून सुटत नाही.

आता 200 मीटरबद्दल. संहितेत नंतर कलम 42-ड आले. त्यानुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमीन रहिवासी वापरासाठी अकृषिक झाली असे मानले जाते. मात्र रूपांतर कर आणि अकृषिक आकारणी भरावीच लागते. ती भरल्यावर सनद मिळते आणि गाव दप्तरी नोंद होते. कलम 44 खालचा परवानगीचा लांबचा रस्ता तेवढा टळतो, "काहीच लागत नाही" असे नव्हे. घराची नमुना 8 वरील नोंद ही घरपट्टीसाठी असते. त्या नोंदीने जमीन बिगरशेती होत नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत क्रम उलटा करावा लागेल. मालकाने स्वतःच्या नावे, स्वतःच्या अर्जाने जमीन आधी बिगरशेती करून घ्यावी, सनद घ्यावी आणि मग तुमच्या पतींना खरेदीखत करून द्यावे. बिगरशेती झालेल्या जमिनीला कलम 63 चे बंधन राहत नाही.

रानमळा_कडेगाव

इतकी खटपट कशाला? शेतघर बांधायला एनए लागत नाही. आम्ही आमच्या रानात चांगले चार खोल्यांचे घर बांधले आहे, आणि कोणी विचारायला आले नाही.

अण्णा_निवृत्त_मंडळाधिकारी

रानमळा, तुमचे रान मोठे आहे आणि तुम्ही शेतकरी आहात. शेतघराची सवलत कलम 41 मध्ये आहे, परंतु त्यासाठी किमान 0.40 हेक्टर, म्हणजे सुमारे 40 गुंठे धारणा लागते आणि बांधकामाच्या जोत्यावर व उंचीवर मर्यादा आहेत. 12 गुंठ्यांवर ती सवलत मिळणार नाही. शिवाय ती शेतीच्या सोयीसाठी आहे, नोकरदाराच्या कायमच्या घरासाठी नाही.

माधवी_विश्रामबाग

अण्णा, मनापासून आभार. मालकांशी बोलले. ते म्हणतात, विसार न घेता स्वतःच्या खर्चाने एनए करून नंतर आम्ही मागे हटलो तर द्राक्षबाग मोडून त्यांचे नुकसान होईल. त्यांचे म्हणणेही मला चुकीचे वाटत नाही.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती, कारण तिचा संबंध आहे हे लक्षात आले नाही. माझे माहेर जत तालुक्यात आहे. वडील वारल्यानंतर वारसनोंद झाली आणि सातबारावर आई, दोन भाऊ आणि माझे नाव लागले. जमीन भाऊच करतात. थोरल्या भावाने या दिवाळीपर्यंत हक्कसोडपत्र करून दे असे सांगितले आहे आणि माझी त्याला हरकत नाही. माझ्या या नावाचा काही उपयोग होऊ शकतो का?

सातारारोड

होतो ना! आमच्याकडे सगळे बायकोच्या नावावरच घेतात. शेतकऱ्याची मुलगी म्हणजे शेतकरीच. दाखल्याची गरज नाही.

अण्णा_निवृत्त_मंडळाधिकारी

सातारारोड यांचे निम्मे बरोबर आहे. लग्न झाल्याने मुलीचा शेतकरी म्हणून असलेला दर्जा जात नाही. पण केवळ शेतकऱ्याची मुलगी असणे पुरेसे आहे असे दुय्यम निबंधक मानतीलच, असे नाही. ते कागद मागतात. ताईंचा कागद चांगला आहे: वारसाने लागलेले नाव, कुटुंबाची चालू वहिवाट आणि त्याच नावाचा 8-अ. या आधारावर तहसील कार्यालयातून शेतकरी असल्याचा दाखला घेऊन ठेवा.

आणि ताई, भावाला हक्कसोड द्यायचेच असेल तर द्या, तो तुमच्या घरचा विषय आहे. परंतु ही खरेदी पूर्ण होऊन तिचा फेरफार मंजूर होईपर्यंत सही करू नका. आज जतच्या सातबारावरील ते एक नाव हाच तुमचा शेतकरी असल्याचा आधार आहे. ते सोडल्यावर आणि नवी जमीन नावावर येण्यापूर्वी जो काळ जाईल, त्यात तुम्ही पतींच्याच रांगेत उभ्या राहाल. भावाला हे मोकळेपणाने सांगा, म्हणजे तुम्ही टाळाटाळ करता असा त्याचा गैरसमज होणार नाही.

खरेदी तुमच्या नावे झाली, तर साठेखतही वैध होईल आणि ते नोटरीऐवजी दुय्यम निबंधकांकडे नोंदवता येईल. विसार धनादेशाने द्यावा, आणि सोसायटीचा बोजा कोण व कधी फेडणार ते साठेखतात लिहून घ्यावे. मालकांची भीतीही त्यामुळे दूर होईल.

दस्तलेखक_मिरज

अण्णांशी मी सहमत आहे, पण या धाग्यात तुकडेबंदीचा, म्हणजे ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडून शेतजमीन विकण्यावरील बंदीचा, विषय कोणीच काढलेला नाही आणि माझ्या अनुभवात दस्त तेथेच अडतो. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने आपल्याकडे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे झाले. ताईंच्या गटाचा सातबारा जिरायत आहे. 24 पैकी 12 गुंठे घेतले, तर घेतलेला भाग 20 च्या खाली आणि मालकाकडे उरलेला भागही 20 च्या खाली, म्हणजे एका दस्ताने दोन तुकडे पडतात. तोच गट बागायत म्हणून लागलेला असता, तर 12 आणि 12 दोन्ही 10 च्या वर राहिले असते आणि अडचणच आली नसती.

बाग प्रत्यक्षात उभी आहे, एवढे दस्त नोंदवताना पुरत नाही. कार्यालय सातबारा बघते. म्हणून मालकांनी ई-पीक पाहणीत बाग व सिंचनाचे साधन व्यवस्थित नोंदवले आहे का ते आधी पाहावे आणि बागायत नोंदीसाठी तलाठ्यांमार्फत अर्ज द्यावा.

कृष्णाकाठ

मग ताई आणि त्यांचे पती, किंवा ताई आणि आणखी कोणी, यांनी मिळून पूर्ण 24 गुंठे सामाईक घ्यावेत. पूर्ण गट गेला तर तुकडा पडत नाही.

दस्तलेखक_मिरज

पूर्ण गट घेतला तर तुकडा पडत नाही, हे खरे. पण पती शेतकरी नसल्याने त्यांचे नाव सहखरेदीदार म्हणूनही घालता येणार नाही. दुसरा कोणी शेतकरी भागीदार घेतला, तर पुढे वाटणी करताना हाच नियम पुन्हा आडवा येईल.

अण्णा_निवृत्त_मंडळाधिकारी

दस्तलेखकांनी योग्य जागी बोट ठेवले. माझ्याकडून तो मुद्दा राहिला होता. मात्र बागायत नोंदीबाबत मी थोडा सावध आहे. कालव्याच्या पाण्यावरच्या बागेला बागायत नोंद द्यायला काही ठिकाणी पाटबंधारे खात्याचा पाणीपट्टीचा कागद मागतात, काही ठिकाणी पंचनाम्यावर भागते.

दुसरा मार्ग म्हणजे मालकाने आधी बिगरशेती करून मंजूर रेखांकनातून भूखंड पाडणे. बिगरशेती जमिनीला तुकडेबंदी लागत नाही, पण रेखांकनात रस्ता सोडावा लागतो, आणि 24 गुंठ्यांत रस्ता सोडून मालकाला काय उरते ते त्यांनीच ठरवावे.

दस्तलेखक_मिरज

माझ्या मते बागायत नोंदीचा मार्ग स्वस्त पडेल. अण्णांना तो खात्रीचा वाटत नाही, हे मी समजू शकतो.

माधवी_विश्रामबाग

दोघांचेही आभार. मालकांकडे पाणीपट्टीच्या पावत्या आहेत. त्या घेऊन ते तलाठी कार्यालयात जाणार आहेत. नोंद होईपर्यंत विसार द्यायचा नाही असे आम्ही ठरवले आहे आणि मध्यस्थाला तसे कळवले आहे. भावाशीही बोलणे झाले. तो थांबायला तयार आहे.

एकच विचारायचे राहिले. 200 मीटर कुठून मोजतात? गावातील शेवटच्या घरापासून गट 60-70 मीटरवर असेल, पण ती घरे अलीकडची आहेत.

अण्णा_निवृत्त_मंडळाधिकारी

शेवटच्या घरापासून नाही. गाव नकाशावर गावठाणाची जी हद्द आखलेली आहे, तेथून मोजतात. वाढीव घरे बऱ्याचदा त्या हद्दीबाहेर असतात, त्यामुळे डोळ्यांना जवळ दिसणारा गट कागदावर 200 च्या पलीकडे निघू शकतो, किंवा त्याचा अर्धाच भाग आत येऊ शकतो. मिरजेच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची आणि गटाच्या नकाशाची प्रत काढा. रस्त्याकडेचे 12 गुंठेच पूर्णपणे आत आहेत का ते साठेखतापूर्वी पाहा, कारण मागची बाजू गावठाणाच्या जवळ असेल तर घ्यायची बाजूच बदलावी लागेल.

रानमळा_कडेगाव

अण्णा, आमचे ते घर बांधताना कोणाला विचारले नव्हते. आता पुतण्याला त्यावर गृहकर्ज काढायचे आहे आणि बँक बिगरशेतीची सनद मागते. नवीन धागा काढू का?

अण्णा_निवृत्त_मंडळाधिकारी

काढा. सातबाराचे एकूण क्षेत्र, जोत्याचे माप आणि बांधकामाचे साल तेवढे लिहा.