मदत हवी आहे: ऑनलाइन दुकान सुरू झाले, पण ईमेल येणे बंद झाले

मेतकूट_बडोदा: दांडिया बाजारात आमचे गोडा मसाला आणि मेतकूट यांचे छोटे दुकान आहे. डोमेन एका कंपनीकडून घेतले आणि दुकान दुसऱ्या कंपनीच्या स्टोअर बिल्डरवर उभे केले. कालपासून संकेतस्थळ उत्तम उघडते; मात्र info@ या पत्त्यावर एकही मेल येत नाही. कृपया त्वरित सांगावे.

लष्करवाला_ग्वाल्हेर: आपण नेमसर्व्हर बदलले की फक्त ए रेकॉर्ड? आणि मेलबॉक्स कोणत्या कंपनीचा आहे?

सराफा_रात्र: म्हणूनच मी सर्वांना वर्डप्रेसवर वूकॉमर्स घ्यायला सांगतो. बिल्डरचे मासिक भाडे वाचते.

लष्करवाला_ग्वाल्हेर: नेमसर्व्हर बदलले, तर तिथेही हेच होईल.

अनुभवी_काका: अठ्ठेचाळीस तास थांबा. बदल पसरायला वेळ लागतो. आपोआप सुरळीत होईल.

मेतकूट_बडोदा: नेमसर्व्हर बदलले. मेलबॉक्स डोमेनवाल्या कंपनीचाच आहे.

लष्करवाला_ग्वाल्हेर: मग थांबून उपयोग नाही. नेमसर्व्हर बदलले की डोमेनच्या सगळ्याच नोंदी नव्या ठिकाणाहून वाचल्या जातात, आणि मेल कुठे पोहोचवायचा हे सांगणारी एमएक्स नोंद जुन्या ठिकाणीच राहून गेली आहे. पुन्हा जुने नेमसर्व्हर लावून तिथे फक्त ए रेकॉर्ड आणि www चा सीनेम बदलावा, हे सर्वांत सोपे.

शुद्धलेखन_प्रेमी: नावात जोडरेघ आहे का? फोनवर नाव सांगताना ती हमखास गळते. शिवाय .in घेतले असल्यास .com देखील घ्यावे.

मेतकूट_बडोदा: नाव ठरलेले आहे, धन्यवाद. अडचण अशी की डोमेनच्या खात्याचा पासवर्ड आठवत नाही, आणि तो बदलण्याचा दुवा info@ वरच जातो.

लष्करवाला_ग्वाल्हेर: डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल कधीही देऊ नये, तो याचसाठी. तूर्त त्या खात्याची गरज नाही. एमएक्स नोंद बिल्डरच्या डीएनएस पानावरही भरता येते. जुन्या नेमसर्व्हरवर नोंदी बहुधा अजून असतील, त्यालाच थेट विचारा. खालील दोन्ही नावांच्या जागी आपले डोमेन आणि जुना नेमसर्व्हर घाला.

```
nslookup -type=mx example.com ns1.example.net
```

अनुभवी_काका: मधल्या काळातले मेल मात्र गेलेच म्हणायचे.

लष्करवाला_ग्वाल्हेर: सगळे नाही, काका. मेल स्वीकारणारे कोणी सापडले नाही, तर पाठवणारा सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. मात्र ज्यांना नकाराचा संदेश गेला आहे, त्यांना कळवावेच लागेल.

मेतकूट_बडोदा: दोन ओळी मिळाल्या. प्राधान्याच्या अंकांसह तशाच भरल्या आणि चाचणीचा मेल आला. त्या मेलबॉक्सवरून पासवर्डही बदलला. पण आता माझी उत्तरे ग्राहकांच्या स्पॅममध्ये जात आहेत.

लष्करवाला_ग्वाल्हेर: त्याच आदेशात mx ऐवजी txt घाला. v=spf1 ने सुरू होणारी ओळ आली, तर तीही नव्या ठिकाणी लिहावी लागेल. डीकेआयएमची नोंद वेगळ्या उपनावाखाली असते. ते नाव मेलबॉक्सवाल्या कंपनीलाच विचारा.

सराफा_रात्र: वूकॉमर्सचा विचार मात्र करा.